जेडी लिहायच्या आधी: काम बघायचं कसं, विचारायचं कसं आणि फॉर्म कधी वाटायचा

पॅथॉलॉजी लॅबच्या फ्रंट डेस्कसाठी निघालेल्या जाहिराती वाचल्यात का कधी? हसतमुखाने ग्राहकांचं स्वागत, उत्तम संवादकौशल्य, एमएस ऑफिसचं ज्ञान, ताणात शांत राहण्याची क्षमता. हाच मजकूर हॉटेलला लावा, बिल्डरच्या सेल्स ऑफिसला लावा, कुठेही खपतो. मग तो वाचून मुलगी जॉइन होते, सकाळी सातला शटर वर जातं तेव्हा समोर उपाशीपोटी आलेली वीस-पंचवीस माणसं उभी, हातात डॉक्टरांची न वाचता येणारी चिठ्ठी, आणि महिन्या-दोन महिन्यांत ती सोडून जाते. एचआरच्या फाइलला कारण लागतं 'पर्सनल रीझन'.

असा जेडी, म्हणजे जॉब डिस्क्रिप्शन, लिहिणाऱ्याने काम बघितलेलंच नसतं, जुना जेडी उघडून तारीख बदललेली असते. काम नीट समजून घ्यायला तीन मार्ग आहेत, प्रत्यक्ष निरीक्षण, मुलाखत आणि प्रश्नावली. तिन्ही सगळ्यांना माहिती असतात, पण बहुतेक ठिकाणी सुरुवात प्रश्नावलीपासून होते कारण ती सगळ्यात कमी कष्टाची, गूगल फॉर्म केला, ग्रुपवर टाकला, झालं. माझ्या मते क्रम बरोबर उलटा हवा. आधी बघा, मग विचारा, आणि फॉर्म सगळ्यात शेवटी, कारण फॉर्ममध्ये काय विचारायचं हे पहिल्या दोन गोष्टी केल्याशिवाय कळतच नाही.

एक उदाहरण धरून चालू. समजा लॅबची १४ कलेक्शन सेंटर्स आहेत, विरारपासून चेंबूरपर्यंत पसरलेली. त्यातली ४ मोठी, स्टेशनजवळची, प्रत्येकी चारजण डेस्कवर, आणि १० छोटी, तिथे डेस्कवर एकच जण आणि आत रक्त घेणारा एक टेक्निशियन. वर सुट्टीच्या वेळी फिरणारे ४ रिलिव्हर, ते छोट्या सेंटर्सलाच जातात. म्हणजे डेस्कवरचे एकूण ३० लोक. सगळ्यांचं पद एकच, जेडीही एकच.

बसायच्या आधी

पहिलं काम म्हणजे टेबलावरचे कागद गोळा करणं. जुना जेडी, ड्युटी रोस्टर, सॉफ्टवेअरच्या स्क्रीन, तक्रारींचं रजिस्टर, आणि मेन लॅबने परत पाठवलेल्या सॅम्पलची यादी असेल तर तीही. रिजेक्टेड सॅम्पलची यादी तर सोनं असते, कारण काम कुठे चुकतं ते तिथे तारखेनिशी लिहिलेलं असतं.

दुसरं, स्टाफला आधी सांगा की तुम्ही का येताय. हे टाळलंत तर दादरच्या सेंटरला पाय ठेवायच्या आत बोरिवलीला बातमी गेलेली असते की माणसं कमी करायला कोणीतरी येतंय. मग समोर दिसतं ते सगळं दाखवण्यापुरतं. 'अप्रेझलशी याचा संबंध नाही, कोणाचं नाव वर जाणार नाही' असं सेंटर मॅनेजरकडून नाही तर स्वतः जाऊन सांगायचं, आणि पाळायचं पण.

बघणं

निरीक्षणाचे दोन टप्पे करा. पहिल्या टप्प्यात एका जागी बसून सलग बघायचं आणि लिहायचं. खुर्ची अशी ठेवा की तुम्हाला डेस्क, प्रिंटर आणि फोन दिसेल पण पेशंट रांगेत तुम्हाला स्टाफ समजून प्रश्न विचारणार नाही (विचारतातच, तरी). पेशंटचं नाव, टेस्ट, रिपोर्ट यातलं काहीही वहीत येता कामा नये, तो त्यांचा खाजगी मामला आहे. पहिला तासभर जे लिहाल ते बाजूला ठेवा, कारण तेवढा वेळ माणूस तुम्हाला दाखवायला काम करतो. गर्दी वाढली की विसरतो.

वहीत चारच गोष्टी, किती वाजता, कशामुळे काम सुरू झालं, डेस्कवरच्या मुलीने नेमकं काय केलं, आणि कशाने केलं. इथे क्रियापदं लिहायची, विशेषणं नाही. 'पेशंटला छान हँडल केलं' हे निरीक्षण नाही, ते तुमचं मत झालं. त्याऐवजी असं: '७.४२, पेशंटने चिठ्ठी दिली, तिला एक टेस्ट वाचता आली नाही, डॉक्टरच्या क्लिनिकला फोन लावला, उचलला नाही, चिठ्ठीचा फोटो मेन लॅबच्या ग्रुपवर टाकला, पेशंटला बसायला सांगून पुढचा नंबर घेतला.' एवढ्या एका नोंदीत चार कामं आहेत आणि त्यातलं एकही जुन्या जेडीत नाही.

बसायच्या वेळा निवडताना सोमवारची किंवा शनिवारची सकाळ हवीच, पण दुपारची सुस्त वेळ आणि संध्याकाळचा कॅश टॅली पण हवा. सगळे निरीक्षक सकाळी अकराला येऊन एकला जेवायला जातात, त्यामुळे शटर उघडणं आणि गल्ला जुळवणं ही दोन्ही टोकं कधीच जेडीत येत नाहीत.

दुसरा टप्पा वेळेच्या हिशोबाचा. सलग बघून कामाचे सात-आठ गट पाडता येतात, म्हणजे रजिस्ट्रेशन, पैसे, सॅम्पलचं हाताळणं, रिपोर्टबद्दलचे फोन आणि व्हॉट्सअॅप, सॅम्पल नेणाऱ्या रनरशी बोलणं वगैरे. आता कुठल्या गटात किती वेळ जातो ते काढायचं, पण त्यासाठी स्टॉपवॉच घेऊन मागे लागायची गरज नाही. दिवसात अधूनमधून, आधीच ठरवलेल्या रँडम मिनिटाला फक्त मान वर करून बघायचं की आत्ता ती काय करतेय, आणि त्या गटापुढे एक रेघ. ही पद्धत जुनी आहे, इंग्लंडमधल्या कापड गिरण्यांमध्ये टिपेट नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने ती १९३० च्या दशकात वापरली होती. मिनिटं तुम्ही स्वतःच्या मनाने निवडू नका, मनाने निवडलं की माणूस नेमका काहीतरी इंटरेस्टिंग चाललेलं असतानाच बघतो. आठ तासांच्या शिफ्टसाठी एक्सेलमध्ये हे टाका आणि वीस ओळी खाली ओढा:

```
=RANDBETWEEN(0,479)
```

शिफ्ट सुरू झाल्यापासून कितव्या मिनिटाला बघायचं ते आकडे मिळतील. ते कॉपी करून फक्त व्हॅल्यू पेस्ट करा, नाहीतर शीटला हात लावला की बदलत राहतात. मग चढत्या क्रमाने लावा, एखादा आकडा दोनदा आला तर त्याच्या जागी नवा काढा.

आपल्या उदाहरणात २ मोठी आणि ३ छोटी सेंटर्स घेतली, प्रत्येक ठिकाणी एका डेस्कवर ४ दिवस, दिवसाला २० नजरा, म्हणजे ४०० नोंदी. दोघांनी वाटून घेतलं तर दहा दिवसांचं काम. समजा त्यातल्या ११२ वेळा ती रिपोर्ट कुठवर आला असं विचारणाऱ्या पेशंटशी फोनवर किंवा व्हॉट्सअॅपवर होती. म्हणजे २८ टक्के. ४०० नोंदींवर हा आकडा साधारण साडेचार टक्के इकडेतिकडे होऊ शकतो, म्हणजे २४ ते ३२ च्या मधे कुठेतरी. खरं तर त्याहून थोडा जास्तच, कारण एकाच दिवसातल्या नोंदी एकमेकींसारख्या असतात. पण जेडीसाठी एवढं पुरतं, आपल्याला दशांश नको आहेत. फक्त १०० नोंदी घेतल्या तर मात्र हेच साडेचार जवळपास नऊ होतात, मग पाव भाग वेळ आणि तिसरा भाग वेळ यातला फरकच सांगता येत नाही.

याच नोंदींत दुसरी गंमत बघा. सॅम्पल हाताळणं, म्हणजे बारकोड लावणं, फॉर्मशी नाव जुळवणं, बॉक्समध्ये भरणं, याला एकूण ६६ रेघा, साडेसोळा टक्के. ऐकायला ठीक वाटतं. पण फोडून बघितलं तर मोठ्या सेंटर्सच्या १६० नोंदींत फक्त ६ आणि छोट्यांच्या २४० मध्ये ६०. म्हणजे एकीकडे चार टक्के, दुसरीकडे पंचवीस. साडेसोळा हा कुठल्याच सेंटरचा आकडा नाही. ही शंका इथे लिहून ठेवा, पुढे लागणार आहे.

बघण्याची मर्यादा पण ओळखायची. डोक्यात काय चाललंय ते दिसत नाही. आणि वर्षातून दोनदा घडणारी गोष्ट तुम्ही बसलेल्या दिवशी घडत नाही.

विचारणं

म्हणून आता मुलाखती. प्रत्येकी पाऊण तास, डेस्कवर नाही आणि सुपरवायझरसमोर तर अजिबात नाही. शिफ्ट सुटल्यावर थांबवणार असाल तर तो वेळ ड्युटीत धरा, समोरच्याला पुढची फास्ट लोकल पकडायची असेल तर उत्तरं पण फास्टच मिळतात. माणसं निवडताना मॅनेजर नेहमी आपला स्टार पुढे करतो. तो घ्या, पण सोबत दोन-तीन महिन्यांपूर्वी लागलेली एखादी पण घ्या, कारण काम शिकताना कुठे अडलं ते तिला अजून आठवतं. जुन्या माणसाला ते अवघड वाटणंच बंद झालेलं असतं.

'तुमच्या जबाबदाऱ्या काय आहेत?' असं विचारू नका. हा प्रश्न ऐकला की लोक जेडीच्या भाषेत बोलायला लागतात, 'कस्टमर हँडलिंग, कोऑर्डिनेशन' वगैरे. त्यापेक्षा 'काल शटर उघडल्यापासून सांगा' म्हणायचं आणि मधे मधे 'मग?' एवढंच. आणि जे बघितलंत पण कळलं नाही ते वही उघडून विचारा. म्हणजे बघताना एका सेंटरला मॉनिटरच्या कडेला पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या दिसल्या असतील, वहीत नुसतं 'चिठ्ठी लावली' असं असेल. मुलाखतीत त्याचं असं काहीतरी निघतं:

'ताई, त्या पिवळ्या चिठ्ठ्या कशाच्या?'

'त्या पीपी शुगरच्या, मॅडम. फास्टिंग दिलं की पेशंट खाऊन येतो ना, मग दोन तासांनी परत रक्त घ्यायचं. सॉफ्टवेअरमध्ये टाइम येत नाही. मी त्यांना विचारते खायला कधी सुरुवात केली, आणि त्याच्यात दोन तास मिळवून लिहून ठेवते.'

'ते स्वतः सांगत नाहीत?'

'सांगतात ना, झाले दोन तास म्हणून. ऑफिसला जायची घाई असते. बाहेर इडली खाऊन तासाभरात हजर. त्यांना बसवून ठेवणं हेच खरं काम आहे. शिव्या पण खाते.'

आता हे जेडीत कसं येईल बघा. 'फास्टिंग-पीपी पेशंटने खाणं कधी सुरू केलं ते विचारून दोन तासांनंतरची वेळ नोंदवते, आणि त्याआधी सॅम्पल घेऊ देत नाही.' काय करते, कशावरून ठरवते आणि काय होऊ देत नाही, हे सगळं एका वाक्यात. वेळेआधी घेतलेल्या पीपीचा आकडा डॉक्टरला फसवू शकतो, म्हणजे ही काही बारीकसारीक गोष्ट नाही. आणि 'ताणात शांत राहण्याची क्षमता' म्हणजे इथे नेमकं काय, तर घाईतल्या माणसाला नाही म्हणता येणं.

क्वचित घडणाऱ्या गोष्टींसाठी वेगळी पद्धत आहे. जॉन फ्लॅनगन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये ती मांडली, दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांवर केलेल्या कामातून आलेली. इंग्रजीत क्रिटिकल इन्सिडंट म्हणतात. गेल्या वर्षभरातला एक प्रसंग सांगायला लावायचा जिथे काम फार नीट झालं किंवा फार बिघडलं, आणि मग चारच प्रश्न. आधी काय झालं होतं? तुम्ही नेमकं काय केलंत? त्यातून काय झालं? ते तुमच्या हातात होतं का? मुंबईत हा प्रश्न विचारला की हमखास जुलै येतो. गाड्या बंद, सॅम्पल नेणारा रनर कुर्ल्याला अडकलेला, आणि सेंटरला सकाळचे सगळे सॅम्पल पडून. जिने नीट सांभाळलं तिने टेक्निशियनकडून सीरमच्या ट्यूब रक्त गोठल्यावर सेंट्रिफ्यूज करून फ्रिजमध्ये ठेवून घेतल्या, मेन लॅबला फोन करून कुठल्या टेस्ट थांबू शकत नाहीत ते विचारलं आणि त्या पेशंटना स्वतः कळवलं. जिथे बिघडलं तिथे कोणीतरी रनरची वाट बघत बसलं होतं. दोन्ही ऐकल्यावर जेडीत कुठली ओळ हवी ते आपोआप कळतं.

सुपरवायझरची मुलाखत शेवटी घ्या आणि त्यांचं म्हणणं वेगळ्या रंगाने लिहा, कारण ते बऱ्याचदा काम कसं व्हायला हवं ते सांगतात, कसं होतं ते नाही. आपल्या उदाहरणातले सुपरवायझर म्हणतील, 'रिपोर्टचे फोन? ते तर अॅपवर बघतात सगळे, किरकोळ असतात.' तिकडे तुमच्याकडे ११२ रेघा आहेत. वाद घालायचा नाही, दोन्ही लिहायचं.

आता फॉर्म

इतकं झालं की कामांची यादी तयार होते, ७०-८० निघतात, सारखी एकत्र केली की ३५ च्या आसपास राहतात. याच्या पुढे फॉर्म नेऊ नका, शेवटच्या पानावर लोक सरळ एका रांगेत टिक मारत जातात. तयार प्रश्नावली पण मिळतात, पर्ड्यू विद्यापीठातल्या मॅकॉर्मिक यांच्या गटाने १९७२ च्या सुमारास केलेली पीएक्यू ही त्यातली सगळ्यात गाजलेली, पण तिच्यात दोनशेच्या जवळपास प्रश्न, भाषा जड, आणि ती भरायला शिकलेला माणूस लागतो. तिचा उद्देश वेगवेगळ्या नोकऱ्यांची आपसात तुलना हा आहे, आपल्याला एकच नोकरी नीट लिहायची आहे, तेव्हा आपला फॉर्म आपणच करायचा. फक्त दोन-चार माणसं असलेल्या पदासाठी तर फॉर्मच नको, त्यांना बोलवून बोला. ३० जणांना विचारायला मात्र तो उपयोगी आहे, कारण मुलाखती तुम्ही सात-आठच घेतल्यात, बाकीच्यांचं काम तसंच आहे का ते माहिती नाही.

प्रत्येक कामापुढे पहिला पर्याय 'मी हे करत नाही' असा ठेवा. बहुतेक फॉर्ममध्ये हाच नसतो, मग लोक उगाच 'कधीकधी' वर टिक करतात. पुढे तीन प्रश्न, किती वेळा करता, चुकलं तर काय होतं, आणि नवीन माणसाला हे पहिल्या दिवसापासून यायला हवं की कामावर शिकता येतं. हा तिसरा प्रश्न सोडू नका, भरतीत काय तपासायचं आणि ट्रेनिंगमध्ये काय शिकवायचं हे त्याच्यावरून वेगळं होतं. एका ओळीत एकच काम. 'रजिस्ट्रेशन करते आणि पैसे घेते' असं लिहिलंत आणि मोठ्या सेंटरला पैसे दुसरंच कोणी घेत असेल तर तिने टिक कुठे करायची?

फॉर्म मराठी आणि हिंदी दोन्हीत, कागदावर. एक खोटं काम मधे घुसवा, उदाहरणार्थ 'परदेशातून आलेल्या मशिनचे कस्टमचे कागद भरते'. ज्यांनी तिथे 'रोज' लिहिलंय त्यांचा फॉर्म न वाचता भरलेला आहे, तो बाजूला. आणि महत्त्व विचारलं की सगळे सगळ्यालाच पाचपैकी पाच देतात, माणूस स्वतःच्या कामाला कमी कशाला म्हणेल, म्हणून शेवटी 'यातली सगळ्यात महत्त्वाची फक्त पाच निवडा' असं ठेवा. नाव विचारू नका, सेंटरचं नावही नको, छोट्या सेंटरला एकच जण असतो म्हणजे ते नावच झालं. फक्त मोठं की छोटं एवढं. वाटायच्या आधी दोघा-तिघांसमोर बसून तो मोठ्याने वाचून घ्या, जिथे ते अडखळतील ती ओळ बदला.

आलेल्या उत्तरांची लगेच सरासरी काढू नका. आधी मोठं आणि छोटं असे दोन गठ्ठे करा. बारकोड आणि नाव जुळवण्याच्या ओळीवर समजा मोठ्या सेंटर्सच्या १६ पैकी १४ जणांनी 'करत नाही' लिहिलं आणि छोट्यांच्या (रिलिव्हर धरून) १४ पैकी १३ जणांनी 'दिवसातून अनेकदा'. रेघांमध्ये आलेली शंका इथे पक्की झाली. पद एक, पण नोकऱ्या दोन आहेत. आणि त्यातली धोक्याची नोकरी छोट्या सेंटरची, कारण एकाच सकाळी दोन पाटील आले आणि ट्यूबची अदलाबदल झाली तर मागे पकडणारा दुसरा माणूस तिथे कमीच.

तिघांचं पटलं नाही तर

कागदावर चार रकाने करा, काम, बघितलं ते, ऐकलं ते, फॉर्ममध्ये आलं ते. जिथे तिन्ही जुळतात ते सरळ जेडीत. जिथे जुळत नाहीत तिथे थांबा. रिपोर्टच्या फोनवर सुपरवायझर एकटे पडले, रेघा आणि फॉर्म एका बाजूला, म्हणजे काम आहे. होम व्हिजिटचे स्लॉट लावणं जुन्या जेडीत आहे, सुपरवायझरही सांगतात, पण कोणी करताना दिसलं नाही आणि फॉर्ममध्ये सगळे 'करत नाही', कारण ते आता अॅप करतं. काढून टाका. पावसाळ्यातला प्रसंग बघण्यात नाही, फॉर्ममध्ये 'क्वचित', पण चुकलं तर काय याला सगळ्यांनी वरचा आकडा दिलाय, तो ठेवा. किती वेळा होतं यावरून काम छाटलं तर नेमकी हीच ओळ उडते.

लिहिणं

मग छोट्या सेंटरचा जेडी काहीसा असा होतो. जास्त वेळ जाणारं आणि चुकलं तर महागात पडणारं आधी:

'डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून टेस्ट ओळखून सॉफ्टवेअरमध्ये नोंदवणे, वाचता न आल्यास अंदाजाने न नोंदवता क्लिनिक किंवा मेन लॅबकडून खात्री करणे. प्रत्येक ट्यूबवर बारकोड लावण्याआधी पेशंटला नाव आणि जन्मतारीख सांगायला लावून फॉर्मशी जुळवणे. फास्टिंग-पीपीची वेळ सांभाळणे. रिपोर्टची चौकशी करणाऱ्यांना फोन आणि व्हॉट्सअॅपवर उत्तर देणे, साधारण पाव दिवस. रनर न आल्यास सॅम्पल सुरक्षित ठेवून मेन लॅबला कळवणे. शिफ्ट संपताना कॅश आणि यूपीआयचा हिशोब जुळवणे.'

पात्रता याच्यातूनच काढा, प्रत्येक अटीसमोर एखादं काम दाखवता आलं पाहिजे. 'फर्डं इंग्रजी' कुठल्या ओळीत लागतं? कुठल्याच नाही. इंग्रजी टेस्टची नावं आणि वाकडं अक्षर वाचता यायला लागतं, बोलायला मराठी आणि हिंदी. पदवी हवीच का? वरच्या यादीत तरी तिच्यासाठी ओळ सापडत नाही. एक्सेल? नाही. सकाळी पावणेसातला सेंटरवर पोचणं मात्र हवं, आणि ते जाहिरातीत ठळक लिहा, वसईहून चेंबूरला येणाऱ्या मुलीने ते जॉइन व्हायच्या आधी वाचलं पाहिजे. मुलाखतीत 'तुमचे स्ट्रेंग्थ सांगा' ऐवजी नावं झाकलेल्या दहा चिठ्ठ्यांच्या झेरॉक्स द्या आणि टेस्ट ओळखायला सांगा, जिथे येत नाही तिथे ती अंदाज ठोकते की विचारते ते बघा.

मसुदा झाला की ज्यांना बघितलंत आणि विचारलंत त्यांनाच परत वाचायला द्या, मॅनेजरच्या सहीच्या आधी. 'यातलं काय तुम्ही करत नाही, आणि काय राहिलं?' एवढे दोनच प्रश्न. काहीतरी राहिलेलं निघतंच, बहुतेकदा वॉटर फिल्टरवाल्याला फोन करण्यापासून सोसायटीच्या वॉचमनशी पार्किंगवरून भांडण्यापर्यंत. ते सगळं 'वेळोवेळी सांगितलेली इतर कामे' या ओळीत कोंबायचा मोह होतो. त्या ओळीत काय काय जातंय ते एकदा वेगळ्या कागदावर लिहून बघा, आणि त्याला रोज अर्ध्या तासाच्या वर वेळ जात असेल तर त्याला जेडीत स्वतःची ओळ द्या. खाली कुठल्या सॉफ्टवेअरच्या वेळी हा जेडी लिहिला ते टाका, पीपीची वेळ उद्या स्क्रीनवरच यायला लागली तर ती ओळ बदलायला लागेल.